दहा हजारांचा गल्ला

२०२४ च्या जुलैमध्ये, भर पावसात, माझा भाचा एक वही घेऊन पनवेलला माझ्या घरी आला. सौदीत सात वर्षं एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करून तो परतला होता. पनवेल-उरण रस्त्यावर जासईला एक गाळा त्याच्या नजरेत होता. सहा टेबलं, चोवीस माणसं बसतील एवढा. बिर्याणी, खिमा-पाव, दालचा-भात, सकाळी चहा-नाश्ता असा बेत होता.

जासई म्हटलं की आमच्या पिढीला दि. बा. पाटील आणि १९८४ चं शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं. भाच्याच्या पिढीला आठवतो तो ट्रेलर. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे-येणारे कंटेनर या भागातून दिवसरात्र वाहतात. त्यांचे ड्रायव्हर, गोदामातले कामगार, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातली पोरं, सगळ्यांना दुपारी दोन वाजता भूक लागते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तो जवळच चिर्ल्याला उतरतो. भाचा म्हणाला, “मामू, गिऱ्हाईक शोधायला जायची गरजच नाही.”

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, हॉटेल कधी चालवलेलं नाही. पण आमच्या अब्बांची छोटी खानावळ होती आणि ती बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. जेवण चांगलं होतं, गर्दी असायची. तरी एका महिन्यात भाडं द्यायला पैसे नव्हते, पुढच्या महिन्यात चिकनवाल्याचे नव्हते, आणि तिसऱ्या महिन्यात शटर खाली आलं. म्हणून त्याची वही मी शेवटच्या पानापासून वाचायला घेतली.

वहीत एकूण खर्च होता ४ लाख १० हजार. हातात पैसे होते साडेआठ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक शिल्लक दिसत होती. त्या साडेआठातले साडेसहा त्याच्या कमाईचे होते आणि दोन लाख माझ्या आपाचे. आपाने लग्नातल्या बांगड्या विकायची तयारी केली होती. बँकेचं कर्ज घ्यायचं नाही हे तिने आधीच सांगून टाकलं होतं, व्याजाचा पैसा घरात नको म्हणून. तेव्हा साडेआठ लाख हीच भिंत होती, त्याच्या पलीकडे काही नव्हतं.

आम्ही दोन रविवार घालवून वही पुन्हा लिहिली. गाळ्याचं डिपॉझिट दीड लाख. हा खर्च नव्हे, गाळा सोडताना परत मिळतो, पण आज तो खिशातून जातो आणि त्याने उद्याचा कांदा विकत घेता येत नाही. भट्टी, देगा, डीप फ्रीजर, फ्रीज, बहुतेक जुने घेतलेले, १ लाख ३० हजार. टेबलं-खुर्च्या ४८ हजार, भांडीकुंडी ३२ हजार. एवढं त्याने बरोबर लिहिलं होतं. गाळ्याच्या कामाला मात्र त्याने रंगाचे आणि फरशीचे मिळून ५० हजार धरले होते. किचनमधला धूर बाहेर काढायचा तर एग्झॉस्टचा पंखा आणि छतापर्यंत पत्र्याचा डक्ट लागतो. भांडी घासायचं पाणी सरळ गटारात सोडलं तर महिन्याभरात तेलाने नळी तुंबते, म्हणून मध्ये जाळीची टाकी बांधावी लागते. वर पाण्याची टाकी, बाहेर हात धुवायचं बेसिन. प्लंबर आणि मिस्त्रीला गाळ्यात नेऊन विचारल्यावर आकडा निघाला १ लाख ४० हजार.

मग जे वहीत नव्हतंच ते. व्यवसायाचे गॅस सिलिंडर, त्यांचं डिपॉझिट आणि पाइप जोडणी २२ हजार. दुकानाचं वीजमीटर आणि वायरिंग ३५ हजार. बोर्ड, बिलाचं मशीन, परवाने मिळून २३ हजार. परवान्यात एक गोष्ट त्याला कुणीतरी चुकीची सांगितली होती. तेव्हा शंभर रुपयांत फूडची नोंदणी होत होती हे खरं, पण ती वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी होती. त्याला महिन्याला तीन लाखांच्या आसपास धंदा करायचा होता, तेव्हा सुरुवातीपासून परवानाच काढणं भाग होतं.

आणि सगळ्यात सहज विसरला जाणारा खर्च म्हणजे शटर उघडण्याआधीचे दिवस. गाळा ताब्यात आला की भाडं सुरू होतं, आणि काम चालू असताना विक्री शून्य असते. दोन महिन्यांचं भाडं ५६ हजार, बावर्चीला पेशगी १५ हजार, चव बसवायला शिजवलेल्या आणि नातेवाइकांनी फुकट खाल्लेल्या देगांचे ९ हजार. असे ८० हजार.

बेरीज ६ लाख ६० हजार झाली. भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “तरी एक लाख नव्वद हजार उरतात ना, मामू.”

ते एक लाख नव्वद हजार किती दिवस पुरतील, हेच खरं पाहायचं होतं. त्यासाठी आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. धंदा झाला न झाला तरी महिन्याला किती जातं, आणि गल्ल्यात आलेल्या प्रत्येक रुपयातून किती आपला राहतो.

पहिली सोपी. भाडं २८ हजार. बावर्ची २४, मदतनीस १३, दोन वेटर २४, भांडी घासणारा १०, असे पगार ७१ हजार. वीज ९ हजार, पाणी-साफसफाई-किरकोळ ७ हजार. झाले १ लाख १५ हजार. भाचा इथे थांबला होता. मी विचारलं, तू आणि आपा खाणार काय? त्याचा निकाह झालेला, घरात चार माणसं. घराला महिन्याला २० हजार लागणारच, ते आपण लिहिले नाहीत म्हणून लागायचे थांबत नाहीत. ते गल्ल्यातूनच उचलले जातात, आणि मग महिनाअखेरीला हिशेब का जुळत नाही ते कळत नाही. अब्बांच्या खानावळीत नेमकं हेच व्हायचं. म्हणून एकूण १ लाख ३५ हजार.

दुसरी गोष्ट कागदावर काढण्यापेक्षा देगेत पाहिलेली बरी. पाच किलो तांदळाची चिकन बिर्याणीची देग घ्या. तांदूळ साडेचारशेचा, सहा किलो चिकन बाराशेचं, तेल-तूप-कांदा-दही-मसाला सातशेचा, गॅस दीडशेचा. अडीच हजार रुपयांची देग. तिच्यातून साधारण ५५ हाफ प्लेट निघतात, हाफचा भाव ९० रुपये. ५५ गुणिले ९० केलं तर खूप छान दिसतं. पण त्यातल्या पाचेक प्लेट कामगारांच्या जेवणात आणि देगेच्या तळाशी जातात. ५० विकल्या तर आले साडेचार हजार, म्हणजे रुपयातले ५५ पैसे सामानात गेले आणि ४५ राहिले. आणि पाऊस पडला, ४० च विकल्या गेल्या, तर? अडीच हजार तर देगेत आधीच गेलेत. तेव्हा सामानाचा वाटा ६९ पैशांवर जातो. बिर्याणीचा नफा ठरतो तो दुपारी चार वाजता देगेत काय उरलंय त्यावर. भाव वाढवण्यापेक्षा देग चार किलोची लावायची की पाचची, हा रोज सकाळचा निर्णय जास्त मोलाचा आहे.

आम्ही ४५ पैसे धरले. १ लाख ३५ हजारांना ४५ पैशांनी भागलं की ३ लाख येतात. महिन्याला तीन लाख, म्हणजे रोजचे दहा हजार. एका माणसाचं बिल सरासरी ११० रुपये धरलं तर रोज नव्वद-एक्क्याण्णव माणसं. चोवीस खुर्च्या दिवसातून जवळजवळ चार वेळा भरायला हव्यात, तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. भाच्याने त्याच आठवड्यात तिथल्या दोन हॉटेलांसमोर बसून, चहा पीत, दुपारी बारा ते तीन माणसं मोजली. चालू हॉटेलात आकडा होत होता. नव्या हॉटेलात पहिल्या दिवसापासून तो होईल असं मानायचं कारण नव्हतं.

आता महिन्यांचा हिशेब. बहुतेक ठिकाणी बारा महिन्यांत एकच आकडा लिहितात. मांसाहारी हॉटेलाला ते चालत नाही, आणि रोजे ठेवणाऱ्या मालकाच्या हॉटेलाला तर अजिबातच नाही. आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर समोर घेतलं. नोव्हेंबरात सुरुवात. डिसेंबर २०२४ जवळजवळ पूर्ण मार्गशीर्षात, त्यातले गुरुवार थंड. २०२५ चा रमजान मार्च महिनाभर. दिवसा चूल बंद ठेवायची हे त्याने ठरवलं होतं, असरनंतर इफ्तारीचं सामान आणि रात्रीचं जेवण तेवढं. महिनाअखेरीला ईद, कामगारांना ईदी म्हणून १५ हजार वेगळे. मग श्रावण. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मलाही उशिरा सुचली. आपला श्रावण २५ जुलैला लागणार, पण उत्तर प्रदेश-बिहारच्या ड्रायव्हरांचा सावन त्याच्या पंधरा दिवस आधी, कारण त्यांचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो. म्हणजे आधी ड्रायव्हर कमी होणार, मग गावातले आगरी गिऱ्हाईक, आणि पाठोपाठ गणपती. थंडावा एका महिन्याचा नाही, जवळजवळ दीड-दोन महिन्यांचा.

असा कागद तयार झाला. विक्रीचे ४५ टक्के धरायचे, त्यातून १ लाख ३५ हजार वजा करायचे, आणि खालच्या रकान्यात आजवर एकूण किती पैसा घातला ते लिहायचं.

| महिना | विक्री | त्या महिन्यात | आजवरची तूट |
|---|---|---|---|
| नोव्हेंबर | १,७०,००० | −५८,५०० | ५८,५०० |
| डिसेंबर | २,००,००० | −४५,००० | १,०३,५०० |
| जानेवारी | २,४०,००० | −२७,००० | १,३०,५०० |
| फेब्रुवारी | २,६०,००० | −१८,००० | १,४८,५०० |
| मार्च (ईदीसह) | १,८०,००० | −६९,००० | २,१७,५०० |
| एप्रिल | २,९०,००० | −४,५०० | २,२२,००० |
| मे | ३,१०,००० | +४,५०० | २,१७,५०० |
| जून | ३,००,००० | ० | २,१७,५०० |
| जुलै | २,६०,००० | −१८,००० | २,३५,५०० |
| ऑगस्ट | २,००,००० | −४५,००० | २,८०,५०० |
| सप्टेंबर | २,७०,००० | −१३,५०० | २,९४,००० |
| ऑक्टोबर | ३,३०,००० | +१३,५०० | २,८०,५०० |

या कागदात पाहायचा तो वर्षअखेरीचा आकडा नव्हे. शेवटच्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा पाहायचा. तो सप्टेंबरात आहे, २ लाख ९४ हजार. धंदा तगवायला एवढं भांडवल जवळ हवं, आणि हातात होते १ लाख ९० हजार. कागदाप्रमाणे मार्चमध्ये, ऐन रमजानात, पैसे संपत होते. आपाला मी हा कागद दाखवला नाही, भाच्याने दाखवला. तिने एवढंच विचारलं, “मग मार्चमध्ये काय विकायचं?”

अजून एक खड्डा त्या तक्त्यात दिसत नव्हता. एका ट्रान्सपोर्ट ऑफिसने रोज वीस जेवणांची बात केली होती, ९० रुपयांचं ताट, आणि भाचा त्यावर खूश होता. महिन्याला ४६ हजार ८०० रुपयांची पक्की विक्री. पण बिल महिन्याच्या शेवटी, आणि चेक त्यानंतर पंधरा दिवसांनी. म्हणजे कायमचे सत्तर हजार रुपये त्यांच्याकडे अडकलेले. तक्त्यातल्या विक्रीत ते धरलेत, गल्ल्यात ते नाहीत. दुसऱ्या बाजूला चिकनवाला नव्या गिऱ्हाइकाला पहिले दोन-तीन महिने नगदच मागतो. विक्री आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात मी कितीदा उदाहरणाने सांगितलं असेल, पण या वीस ताटांइतकं चांगलं उदाहरण मला मिळालं नव्हतं.

सगळं मिळून गरज झाली ६ लाख ६० हजार, अधिक २ लाख ९४ हजार, अधिक ७० हजार. १० लाख २४ हजार. हातात साडेआठ.

इथे दोन रस्ते असतात. एक, विक्रीचे आकडे थोडे वाढवायचे आणि कागद जुळवायचा. नोव्हेंबरला १ लाख ७० च्या जागी अडीच लाख लिहिले की सगळं कसं झकास दिसतं. भाच्याने एकदा तसा प्रयत्न करून पाहिला, मी खोडरबर काढून घेतलं. आम्ही विक्रीला हात न लावता फक्त खर्चाच्या बाजूने काय हलतं ते पाहिलं.

फॉल्स सीलिंग आणि भिंतीवरच्या पूर्ण टाइल्स पुढे ढकलल्या, ५० हजार वाचले. एग्झॉस्ट आणि जाळीच्या टाकीला मात्र हात लावला नाही. गाळा सहा महिने रिकामा होता, म्हणून मालकाकडे कामाच्या दिवसांतलं एक महिन्याचं भाडं माफ करायला सांगितलं, तो तयार झाला, २८ हजार वाचले. (मागितलं नसतं तर मिळालं नसतं, आणि भाच्याला मागायची लाज वाटत होती.) पहिले चार महिने दुसरा वेटर नाही, भाचा स्वतः वाढेल, ४८ हजार. ट्रान्सपोर्ट ऑफिसला सांगितलं की हिशेब दर शनिवारी. त्यांनी कुरकुर केली, वीसची चौदा ताटं झाली, पण अडकणारी रक्कम सत्तरवरून पंधरा हजारांच्या आत आली. कागदावर तेव्हा आम्ही ५५ हजारांचीच बचत धरली.

ही बेरीज १ लाख ८१ हजार. गरज उतरली ८ लाख ४३ हजारांवर. साडेआठात बसली, पण सात हजार सुटे ठेवून. एक फ्रीजरचा कॉम्प्रेसर गेला तर खेळ संपला. मी म्हणालो, सहा महिने थांब, अजून थोडं जमव. तेव्हा आपा म्हणाली की घरखर्चाला वीस नको, पंधरात भागवते. अकरा महिन्यांचे ५५ हजार. कागद त्याने सुटला हे खरं. पण धंद्याची तूट घरावर ढकलली जातेय हे मला दिसत होतं, आणि ते मला आवडलं नाही. मी तसं बोललोही. तिने मला दुसरा चहा दिला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शटर उघडलं. पहिल्या महिन्याची विक्री १ लाख ५२ हजार, अंदाजापेक्षा कमी. उरलेले पैसे त्याने वेगळ्या खात्यात ठेवले आणि दर महिनाअखेरीला खात्यातली रक्कम तक्त्याशी ताडून पाहिली. फरक वीस हजारांच्या पुढे गेला की मला फोन करायचा, असं ठरलं होतं. जानेवारीत फोन आला. विक्री ठीक होती, पण सामानाचा वाटा ५५ च्या जागी ६१ पैसे पडत होता. दोन संध्याकाळी जाऊन बसलो तेव्हा कारण दिसलं. बावर्ची रोज पाच किलोचीच देग लावत होता, सोमवार असो की शुक्रवार. सोमवार-गुरुवार चार किलो केली, संध्याकाळी लागली तर दोन किलोची छोटी ताजी. फेब्रुवारीत वाटा ५६ वर आला.

रमजान अंदाजापेक्षा बरा गेला, २ लाख ५ हजार. इफ्तारीचे समोसे आणि कबाब घ्यायला मुसलमान गिऱ्हाइकांपेक्षा गोदामातली बाकीची पोरं जास्त यायची. श्रावण अंदाजापेक्षा वाईट गेला. ऑगस्टमध्ये १ लाख ६४ हजारच. जुलैच्या मध्यापासून त्याने अंडा-राइस, दाल-खिचडी आणि पुरी-भाजी सुरू केली, पण बोर्डावर बिर्याणीचं चित्र असलेल्या हॉटेलात श्रावण पाळणारा माणूस शिरत नाही. या वर्षी चहा-नाश्त्याची वेगळी खिडकी रस्त्याच्या बाजूला काढलीय.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस खात्यात ३१ हजार होते. त्याच्या खाली ते कधी गेले नाहीत.

उधारीची वही मात्र त्याने पहिल्या दिवसापासून नीट ठेवली. कुराणातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकरातली, देण्याघेण्याचं लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे मी त्याला लहानपणी शिकवलं होतं. वर्षात बुडाले ते चार हजार सहाशे, एका ड्रायव्हरचे, आणि तो गावाला गेला तो आलाच नाही.

दुसऱ्या वर्षाचा कागद करताना दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, म्हणून २०२६ च्या कागदात तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत पसरला. दुसरी जीएसटी. हॉटेलला आर्थिक वर्षात वीस लाखांची उलाढाल ओलांडली की नोंदणी लागते. पहिल्या नोव्हेंबर ते मार्चची विक्री एका आर्थिक वर्षात पडली आणि एप्रिलपासून मोजणी नव्याने सुरू झाली, म्हणून पहिलं वर्ष कर न लागता निघालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये वीस लाख पार झाले. त्याने कंपोझिशन घेतली. त्यात विक्रीच्या ५ टक्के भरायचे, पण ते बिलावर गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत. म्हणजे ४५ पैशांचे ४० झाले. घरखर्च पंधरा धरूनही आता १ लाख ३० हजारांना ४० पैशांनी भागायचं, महिन्याला सव्वातीन लाख, रोजचे दहा हजार आठशे. पैसे तिमाहीला जातात, तोवर ते गल्ल्यात आपलेच असल्यासारखे पडून असतात. म्हणून दर शनिवारी, ट्रान्सपोर्टचा हिशेब आला की, आठवड्याच्या विक्रीचे ५ टक्के तो दुसऱ्या खात्यात टाकतो.

हाफ बिर्याणी आता शंभर रुपयांना आहे. घरखर्च मात्र अजून पंधराच. एप्रिलपासून वीस करायचा असं त्याने या वर्षीच्या कागदावर लिहिलंय, पेन्सिलने.